पासवर्ड बरोबर, तरी मेल येईना

विद्यापीठाच्या हेल्पडेस्ककडे रोज येणाऱ्या तक्रारींपैकी ही एक घ्या. विद्यार्थिनी लिहिते: “सर, सोमवार संध्याकाळपासून फोनमधल्या मेल अ‍ॅपवर कॉलेजचा एकही मेल आलेला नाही. क्रोममध्ये लॉगिन केलं की सगळे दिसतात. त्याच अ‍ॅपवर माझं घरचं जीमेल नीट चालतं. कॉलेजच्या खात्यावर ‘पासवर्ड चुकीचा’ असं येतं, पण पासवर्ड तोच आहे.”

“मेल येत नाही, अर्जंट” एवढंच लिहिणाऱ्यांच्या गर्दीत हा मेसेज म्हणजे निम्मं उत्तरच. क्रोममध्ये मेल दिसतात, म्हणजे ते सर्व्हरवर सुखरूप पोचलेत आणि खात्यातली जागाही भरलेली नाही. घरचं जीमेल चालतं, म्हणजे नेटही ठीक आहे. अडलंय ते कॉलेजचं खातं आणि हे अ‍ॅप यांच्यामध्ये.

अशा वेळी विचारायचा प्रश्न एकच: खातं जोडलं कसं होतं? बहुतेकदा कॉलेजच्याच जुन्या पीडीएफमधल्या सूचना वाचून, ‘Other’ निवडून, `imap.gmail.com` आणि पोर्ट 993 हाताने टाकून. (या पीडीएफ वर्षानुवर्षं फिरत राहतात, कोणी काढत नाही.) या पद्धतीत अ‍ॅप तुमचा पासवर्ड जवळ ठेवतं आणि दर वेळी सर्व्हरला दाखवतं. पासवर्ड चोरीला गेला की सगळंच गेलं, म्हणून मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर 2022पासून आणि गूगलने संस्थांच्या खात्यांसाठी 2025मध्ये हा रस्ता बंद केला. आता गूगलचं स्वतःचं पान उघडतं, पासवर्ड तिथे द्यायचा आणि अ‍ॅपला मिळतं फक्त एक टोकन. जुन्या वाटेने आलेला पासवर्ड अक्षरन् अक्षर बरोबर असला तरी सर्व्हर तो नाकारतो, आणि अ‍ॅप बिचारं त्याला ‘चुकीचा’ म्हणतं. घरचं खातं सुरुवातीलाच ‘Google’ निवडून जोडलेलं होतं, म्हणून त्याला धक्का लागला नाही.

उपाय सोपा आहे. कॉलेजचं खातं फोनमधून काढायचं आणि पुन्हा जोडताना ‘Google’ निवडायचं. पण काढण्याआधी आउटबॉक्स आणि ड्राफ्ट बघा. तिथे अडकलेली असाइनमेंट कदाचित फक्त फोनवरच असेल आणि खात्याबरोबर तीही जाईल. आलेले मेल सर्व्हरवरच असतात, त्यांची काळजी नको. मात्र खातं POP पद्धतीने जोडलेलं असेल तर आधी क्रोममध्ये जुने मेल आहेत ना, ते तपासा, कारण POP कधीकधी मेल फोनवर उतरवून सर्व्हरवरून पुसून टाकतं.

नव्याने जोडल्यावर जुने मेल लगेच दिसले नाहीत तरी घाबरू नका. बरीच अ‍ॅप्स आधी अलीकडच्या काही दिवसांचेच मेल उतरवतात. पण साइन-इनच्या पानावरच ‘अ‍ॅडमिनने हे अ‍ॅप रोखलं आहे’ अशा अर्थाचा मजकूर आला, तर विद्यार्थ्याच्या हातात काही उरत नाही. त्या पानाचा स्क्रीनशॉट, अ‍ॅपचं नाव आणि फोनचं मॉडेल हेल्पडेस्कला पाठवा. पासवर्ड मात्र पाठवू नका, त्यांना तो लागत नाही.