दोन स्क्रीनमध्ये बसवलेलं वडाचं झाड

समजा, एका जुन्या ग्रंथभांडाराला शताब्दीसाठी दोनशे कापडी पिशव्या छापून हव्या आहेत. चित्र तयार आहे आणि मोबाइलवर ते सुरेख दिसतं. वर पिवळा आणि खाली केशरी होत जाणारा मावळतीचा सूर्य, त्याच्यापुढे पारंब्यांसह वडाचं झाड, पानांत हिरव्याच्या तीन छटा, तपकिरी खोड, सगळ्याला बारीक काळी कडा. खाली केशरी पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत संस्थेचं नाव आणि त्याखाली बारीक टायपात पत्ता. कार्यकारिणीने एकमताने मंजूर केलेलं हे चित्र स्क्रीन प्रिंटिंगच्या कारखान्यात पोचतं, तेव्हा छापणारा आधी एकच गोष्ट विचारतो : रंग किती?

पिवळा, केशरी, तीन हिरवे, तपकिरी, काळा आणि पांढरा असे आठ रंग मोजून होतात. सूर्यातल्या पिवळ्या-केशरीच्या मधल्या असंख्य छटा यात धरलेल्याच नाहीत.

हा हिशेब इतका महत्त्वाचा का, हे छपाईची रीत पाहिली की कळतं. चौकटीवर पॉलिस्टरची जाळी ताणून बसवतात आणि तिच्यावर प्रकाशाने कडक होणारं इमल्शन चढवतात. चित्रातला एकेक रंग वेगळा काढून त्याची फिल्म तयार होते. रंग केशरी असो की हिरवा, फिल्मवर तो काळाकुट्टच असतो. ही फिल्म जाळीला लावून प्रकाश दिला, की काळ्या भागाखालचं इमल्शन कच्चं राहतं आणि पाण्याने धुऊन जातं. त्या मोकळ्या जागेतून स्क्वीजीने शाई खाली ढकलली जाते. म्हणजे एका चौकटीतून एका वेळी एकच शाई उतरते, आणि जाळीचं छिद्र एक तर उघडं असतं किंवा बंद. ‘थोडंसं केशरी’ असा प्रकार तिथे नाही. आठ रंग म्हणजे आठ फिल्म, आठ चौकटी आणि दोनशे पिशव्यांवर स्क्वीजीचे सोळाशे हात. शिवाय प्रत्येक रंग आधीच्या रंगावर नेमका बसला पाहिजे.

म्हणून चित्र तपासताना सर्वांत आधी विरघळणाऱ्या छटा शोधाव्यात. सूर्यातली छटा छापायचा मार्ग आहे : ठिपक्यांचा हाफटोन. ठिपके मोठे तिथे रंग गडद, लहान तिथे फिका. पण कागदावर जे जमतं ते जाड कॅनव्हासवर तसंच जमत नाही. कापडासाठी वापरतात त्या जाड जाळीत, उदाहरणार्थ इंचाला 110 धागे असलेल्या जाळीत, लहान ठिपका टिकायला त्याच्याखाली पुरेसे धागे हवेत. धाग्यांच्या संख्येला साडेचारने भागावं, असा एक कामचलाऊ ठोकताळा आहे. त्या हिशेबाने इंचात ठिपक्यांच्या जेमतेम 24 ओळी मिळतात. दोन ओळींत सुमारे एक मिलिमीटरचं अंतर पडतं आणि हातभर दूर धरलेल्या पिशवीवर ठिपका न् ठिपका मोजता येतो. त्यात कॅनव्हासचं विणकामही खडबडीत. उंच धाग्यांवर शाई बसते, खोलगट जागी पोचत नाही, आणि सर्वांत लहान ठिपके नेमके त्याच खळग्यांत हरवतात. ठिपक्यांच्या ओळी आणि जाळीचे धागे यांचा मेळ बसला नाही, तर चित्रात नसलेले पट्टेही उमटतात.

आपल्या सूर्यासाठी यापेक्षा सोपा तोडगा आहे. क्षितिजाजवळ तो भरीव केशरी ठेवायचा आणि वर जाताना आडव्या पट्ट्यांत तोडत न्यायचा. पट्टे हळूहळू बारीक होतात, मधलं अंतर वाढत जातं आणि डोळ्याला रंग विरत गेल्यासारखा वाटतो. सर्वांत वरची पट्टी दीड मिलिमीटरपेक्षा बारीक करायची नाही, एवढं पथ्य पाळलं की पिवळा रंग गळतो आणि छटेचं काम केशरीच्या एकाच चौकटीत होतं.

आता झाड. तीन हिरव्यांपैकी दोन पानांची घनता दाखवण्यासाठी आलेले आहेत. ते काम पानांमध्ये मोकळं कापड सोडूनही होतं. काळी कडा काढून टाकायची, कारण गडद हिरवा कोऱ्या कापडावर स्वतःच पुरेसा उठून दिसतो. राहिलं तपकिरी खोड, आणि इथे शाईची मदत घेता येते. कापडासाठीची पाण्यातली पिगमेंट शाई बरीचशी पारदर्शक असते. केशरीवर गडद हिरवा छापला, तर दोन्ही मिळून मातकट तपकिरी दिसतो. खोड सूर्याच्या भरीव भागावर येईल अशी मांडणी केली, की तिसरा रंग वेगळ्या चौकटीशिवाय मिळतो. पट्टे वरच्या बाजूला ठेवण्याचं हेही एक कारण. ते खाली असते, तर खोडावर तपकिरी आणि हिरव्याचे आडवे पट्टे उमटले असते. वर पानांच्या गर्दीत ते खपून जातात. मात्र छापणारा कोणती शाई वापरणार आहे हे आधी विचारावंच लागतं. प्लास्टिसोलसारख्या झाकणाऱ्या शाईत खालचा केशरी दबून जातो आणि खोड हिरवंच राहतं.

या मांडणीचा दुसरा फायदा अधिक मोलाचा आहे. हाताने छापताना पिशवी पाटावर किंचित सरकते, कापड ताणलं जातं, आणि दोन रंगांत अर्ध्या ते एक मिलिमीटरचा फरक पडणं नेहमीचं आहे. दोन रंग एकमेकांना काठोकाठ चिकटवले असतील, तर तेवढ्या फरकाने मध्ये कापडाची पांढुरकी फट दिसते किंवा एक रंग दुसऱ्यावर चढतो. म्हणून कसलेले लोक फिका रंग गडद रंगाखाली थोडा आत शिरवतात. त्याला ट्रॅप म्हणतात. आपल्या झाडाला तोही लागत नाही. सूर्य अखंड छापायचा आणि झाड सरळ त्याच्यावर. झाड मिलिमीटरभर डावीकडे गेलं तरी कुणाला कळणार नाही.

रंग एकमेकांपासून लांब ठेवणं हा दुसरा सुरक्षित मार्ग. मिल्टन ग्लेझर यांनी 1976 साली न्यूयॉर्कसाठी रेखाटलेलं चिन्ह आठवून पाहावं : काळी अक्षरं, मध्ये लाल बदाम. बदाम आणि अक्षरं यांत मोकळी जागा आहे. त्यामुळे जगभरच्या साध्या छपाईतही बदाम थोडा सरकला तरी चिन्ह बिघडत नाही. छापायला सोपं म्हणून चित्र दुबळं होतं, हा समज खोडून काढायला हे एक उदाहरण पुरे आहे.

मराठी पिशव्यांचा सर्वाधिक घात मात्र रंगांमुळे होत नाही, तो अक्षरांमुळे होतो. शाई कापडात शिरताना चहूबाजूंनी थोडी पसरते. रोमन अक्षर जरा जाड झालं तरी वाचता येतं. देवनागरीत काही अक्षरांचा फरक एका छोट्या फटीवर उभा आहे. भ आणि म, ध आणि घ यांच्यात शिरोरेषा कुठे तुटते एवढंच वेगळं. ती फट शाईने भरली, की ‘भांडार’चं ‘मांडार’ होतं. थ ची गाठ बुजली की तो य सारखा दिसू लागतो, आणि बारीक अनुस्वार तर कापडाच्या खळग्यातच जातो. ‘ग्रंथभांडार’ या एका शब्दात हे तिन्ही धोके आहेत.

मूळ चित्रात हे नाव केशरी पट्टीत पांढऱ्या अक्षरांचं होतं. तिथे उलटं घडतं. सभोवारची शाई अक्षराच्या आत पसरते, मात्रा आणि शिरोरेषा बारीक होतात, कधी तुटतातही. म्हणून पट्टी काढून नाव गडद हिरव्यात थेट कापडावर घ्यावं. टाइप एकसारख्या जाडीचा निवडावा आणि भ मधली फट प्रत्यक्ष मापात किमान एक मिलिमीटर भरेल इतकी अक्षरं मोठी करावीत. पट्टीने मोजून पाहायची ही गोष्ट आहे, अंदाजाची नाही. पत्त्याची ओळ यात टिकत नाही. ती पिशवीसोबतच्या कागदी टॅगवर जाते.

पट्टी गेल्याने पांढऱ्या रंगाचा प्रश्नही सुटला. संगणकावर चित्रामागे शुभ्र पांढरं दिसतं, पण कोरं कापड पिवळसर सायीच्या रंगाचं असतं. चित्र पाहताना मागची जागा त्या रंगाने भरून पाहावी. पारदर्शक निळा त्यावर हिरवट आणि मळका वाटतो, केशरी आणि गडद हिरव्याचं फारसं बिघडत नाही. हीच पिशवी काळ्या कापडावर करायची ठरली, तर रंग उठून दिसण्यासाठी खाली पांढऱ्याचा थर लागेल. म्हणजे दोन रंगांच्या कामाला तीन चौकटी, आणि वरचे रंग पुन्हा त्या पांढऱ्यावर काटेकोर बसवण्याची कसरत.

मापही याच टप्प्यावर बघावं. पिशवी 38 बाय 40 सेंटिमीटरची असली, तरी कडेच्या शिवणी आणि बंदांच्या टाचांवर चौकट सपाट बसत नाही. तिथे जाळी उचलली जाते आणि शाई फिसकटते. चारही बाजूंनी पाचेक सेंटिमीटर सोडले, की छपाईला साधारण 28 बाय 30 ची जागा उरते. चित्र त्या मापात काळ्या-पांढऱ्या कागदावर छापावं, प्रत्येक रंगाचा वेगळा कागद. करडं काहीही दिसता कामा नये. करडं दिसलं, तर तिथे छटा किंवा फोटोची धूसर कड अजून शिल्लक आहे असं समजावं. मोबाइलवरून आलेल्या जेपीजी चित्रात हे हटकून सापडतं, कारण त्यात प्रत्येक कडेला मधल्या छटांचे बिंदू असतात. म्हणून आकार रेषांनी बांधलेल्या फाइलमध्ये नव्याने काढून घेणं बरं.

मराठी मजकुरासाठी आणखी एक खबरदारी. एका संगणकावर युनिकोड, दुसऱ्यावर जुना श्रीलिपी फॉन्ट, अशी स्थिती बऱ्याच छापखान्यांत असते, आणि फाइल उघडताच जोडाक्षरं विस्कटतात. कोरल ड्रॉमध्ये मजकूर निवडून Ctrl+Q दाबला की अक्षरं आकृत्या बनतात, मग फॉन्ट नसला तरी चालतं. पुढे शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही, म्हणून मजकूर ठेवलेली एक प्रत बाजूला जपावी.

आता फाइलमध्ये दोन थर आहेत : केशरी सूर्य, आणि गडद हिरव्यात झाड व नाव. स्क्वीजीचे हात सोळाशेंवरून चारशेवर आले. तरी दोनशे पिशव्या एकदम छापायला सांगू नये. त्याच कापडाच्या एका पिशवीत पुठ्ठा घालून, म्हणजे शाई मागच्या पदरावर उतरणार नाही, नमुना काढून घ्यावा. केशरी वाळल्यावर हिरवा चढवावा आणि दोन्ही रंग पूर्ण पक्के झाल्यावर नमुना उन्हात धरावा. खोड हिरवं दिसत असेल, तर शाई अधिक पारदर्शक हवी. सूर्याच्या भरीव भागात कापडाचे पांढरे बिंदू चमकत असतील, तर दाब वाढवावा किंवा दुसरा हात मारावा. पारंब्या तुटल्या असतील, तर त्या फाइलमध्येच जाड कराव्यात, कारण तुटलेली बारीक रेघ दाब वाढवून सुधारत नाही, उलट शेजारची अक्षरं भरतात. आणि संस्थेचं नाव अशा माणसाला वाचायला द्यावं, ज्याला ते आधीपासून ठाऊक नाही. ठाऊक असलेला माणूस ‘मांडार’ समोर असलं तरी ‘भांडार’च वाचतो.