रंगवलेला घन आणि त्याचे चौसष्ट तुकडे

शिष्यवृत्तीपासून एमपीएससीपर्यंतच्या बुद्धिमत्ता चाचणीत भेटणारं हे एक नेहमीचं गणित. ४ सेंमी बाजूचा लाकडी घन बाहेरून सगळीकडून लाल रंगवला आणि कापून १ सेंमीचे लहान घन केले. तीन, दोन, एक पृष्ठं रंगलेले आणि अजिबात रंग नसलेले घन प्रत्येकी किती?

एका दिशेला चार तुकडे हवेत, तर काप तीनच द्यावे लागतात. प्रश्नात कधी तुकडे देतात, कधी काप. तिथे घाई केली की पुढचं सगळंच चुकतं. आपल्याकडे ४ × ४ × ४, म्हणजे ६४ घन झाले.

आता प्रत्येक घन मूळ ठोकळ्यात कुठे होता, एवढंच पाहायचं. कोपऱ्यावर तीन पृष्ठं भेटतात, म्हणून कोपऱ्यांवरच्या ८ घनांना तीनदा रंग लागतो. कडेवर दोन पृष्ठं भेटतात. एका कडेवर घन चार, पण टोकांचे दोन कोपऱ्यांत मोजून झाले; उरले दोन. कडा बारा, म्हणून २४. पृष्ठाच्या मधल्या भागात २ × २ घन एकाच बाजूने रंगतात; सहा पृष्ठांचे २४. हे बाहेरचं कवच काढलं की आत २ × २ × २, म्हणजे ८ कोरे घन राहतात.

एका दिशेला n तुकडे असतील, तर हीच उत्तरं अनुक्रमे 8, 12(n−2), 6(n−2)² आणि (n−2)³ होतात. दोन वजा होतात ते दोन्ही टोकांचे.

ताळा दोन तऱ्हांनी करावा. पहिला बेरजेचा: ८ + २४ + २४ + ८ = ६४. दुसरा रंगाचा: मोठ्या घनाच्या सहा पृष्ठांवर प्रत्येकी १६ चौकोन, म्हणजे ९६ रंगीत चौकोन. आपल्या उत्तरातून ८ × ३ + २४ × २ + २४ × १, हेही ९६च. कडांवर १२ × ४ = ४८ घन धरले, तर कोपरे पुन्हा मोजले जातात आणि दोन्ही ताळे फसतात.

परीक्षक मग एक मेख मारतात: ठोकळा टेबलावर ठेवूनच रंगवला, तळ कोराच राहिला. इथे पाठ केलेलं सूत्र जसंच्या तसं चालत नाही, पण नव्याने मोजायचीही गरज नाही. तळाला टेकलेल्या प्रत्येक घनाचा एक रंग कमी करायचा. तळाचे ४ कोपरे तीनवरून दोनवर येतात, कडांवरचे ८ दोनवरून एकवर आणि मधले ४ कोरे होतात. त्यामुळे तीन रंगांचे ४ उरतात, दोन रंगांचे २४ − ८ + ४ = २०, एका रंगाचे २४ − ४ + ८ = २८ आणि कोरे ८ + ४ = १२. बेरीज ६४ येते आणि रंगीत चौकोन १२ + ४० + २८ = ८०, म्हणजे पाच पृष्ठांचे नेमके १६-१६.