हर्निया आणि हलक्या कामाचा अर्ज

जांघेतल्या हर्नियाचा अर्ज लिहिताना कामगार लाजतो. ‘तब्येत ठीक नसल्याने हलके काम द्यावे’ एवढंच लिहितो आणि सुपरवायझरला वाटतं, हा कामचुकारपणा. या आजारात जांघेजवळचं पोटाचं आवरण कमकुवत होऊन आतड्याचा भाग बाहेर डोकावतो. आडवं झालं की फुगवटा आत जातो, म्हणून बघणाऱ्याला माणूस धडधाकट दिसतो. वजन उचलताना, जोरात खोकताना मात्र पोटातला दाब वाढतो आणि तो पुन्हा वर येतो.

फाउंड्रीत कास्टिंग उचलणाऱ्या कामगाराने असं लिहावं:

‘साहेब, मला उजव्या जांघेत हर्निया आहे. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आहे. चिठ्ठी सोबत जोडली आहे. तोपर्यंत कास्टिंग उचलणं आणि ट्रॉली ढकलणं मला जमणार नाही. तपासणीच्या टेबलावर किंवा गेज लावायच्या कामावर मी पूर्ण पाळी करेन. अर्ज मिळाल्याची सही द्यावी, ही विनंती.’

काय जमत नाही आणि काय जमेल, दोन्ही लिहिल्याने साहेबाला माणूस हलवणं सोपं जातं. किती किलोपर्यंत उचलायचं, हे डॉक्टरांकडूनच चिठ्ठीवर लिहून घ्यावं. ईएसआयचा विमा असेल, तर ऑपरेशननंतरच्या रजेत नियमांप्रमाणे पगाराच्या 70 टक्के भत्ता मिळू शकतो.

हलकं काम मिळालं म्हणून हर्निया बरा होत नाही. फुगवटा कडक झाला, आत जाईना, दुखू लागला किंवा उलट्या सुरू झाल्या, तर पाळी संपायची वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठावं.