डबा हलवून सांगणारी मैत्रीण

ऑगस्टचा पहिला रविवार उजाडला की फोनवर मैत्रीचा पूर येतो. सूर्यास्ताचं चित्र, त्यावर दोन ओळी, खाली गुलाबाची फुलं. तीच शुभेच्छा शाळेतल्या मैत्रिणीला जाते आणि सोसायटीच्या सेक्रेटरीलाही. ज्या मैत्रिणीबरोबर आपण लहानाच्या मोठ्या झालो आणि जी आता शे-पाचशे मैलांवर राहते, तिला यातलं काहीच लागू पडत नाही. तिच्यासाठी चार ओळी स्वतः लिहाव्यात असं मनापासून वाटतं. लिहायला बसलं की मात्र हात अडतो, कारण सांगण्यासारखं फार असतं.

हा दिवस आपल्याकडे रुजला तो शुभेच्छापत्रं आणि मनगटावर बांधायच्या रंगीत पट्ट्यांमधून. संयुक्त राष्ट्रसंघानं २०११ मध्ये ३० जुलै हा आंतरराष्ट्रीय मैत्रीदिन ठरवला, पण भारतात ऑगस्टचा पहिला रविवारच पाळला जातो. सुट्टीचा वार असल्यामुळे दूरच्या शहरातली मैत्रीणही निवांत असते. म्हणजे आपण लिहिलेलं ती सावकाश वाचणार, हे धरून चालायला हरकत नाही.

एक उदाहरण घेऊ. दोघी साताऱ्याच्या, एकाच गल्लीतल्या, एकाच शाळेतल्या. एक अजून साताऱ्यात आहे. दुसरी बंगळूरूला सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. साताऱ्यातलीला पोस्ट लिहायची आहे. पहिल्या बैठकीत तिच्या वहीत उतरतं ते असं: शाळेचे दिवस, एका सायकलवर डबलसीट, अजिंक्यताऱ्यावरची सहल, मोती चौकातले पेढे, गणिताचा क्लास, चिंचा-बोरं, हादगा, रुसवेफुगवे, बारावीनंतरची ताटातूट.

ही यादी खरी आहे, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. साताऱ्यातल्या कुठल्याही दोन मैत्रिणींना ती चालेल. बऱ्याच पोस्ट इथेच फसतात. लिहिणारीला एकेका शब्दामागे अख्खी दुपार दिसत असते. वाचणाऱ्याला फक्त शब्द दिसतात.

आठवणींचा असा ढीग साचण्यामागे कारण आहे. चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातले प्रसंग आठवायला सांगितले की साधारण दहा ते तीस या वयातले प्रसंग प्रमाणाबाहेर जास्त निघतात, असं स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांना वारंवार दिसून आलं आहे. त्या वयात बऱ्याच गोष्टी पहिल्यांदाच घडतात आणि पुढे आपण त्या एकमेकांना पुन्हापुन्हा सांगत राहतो, ही त्याची दोन कारणं मानली जातात. म्हणून पोस्टसाठी आठवण शोधावी लागत नाही, निवडावी लागते. एकच.

निवडायची कशी? जिच्यात मैत्रिणीनं काहीतरी केलं, ती आठवण घ्यावी. पेढे दोघींनी खाल्ले, यात तिचं असं काही नाही. सहलीला सगळा वर्ग गेला होता. सायकल चालवली, पण ती सगळ्याच चालवत होत्या. हादग्यात मात्र ती जे करायची ते गल्लीत दुसरं कुणीच करत नव्हतं. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की हादगा सुरू व्हायचा. पाटावर हत्ती काढून मुली भोवती फेर धरायच्या, गाणी म्हणायच्या आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची असायची. त्या डब्याभोवती आपली पोस्ट उभी राहते.

अगं ए,

हादग्यात बाकीच्या पोरी ‘आंबट? गोड? तिखट?’ असं विचारत बसायच्या. तू थेट डबा मागायचीस. कानाशी धरून हलवायचीस. डोळे मिटायचीस. सगळ्या चिडीचूप. मग नाडी बघणाऱ्या वैद्याच्या थाटात सांगायचीस, ‘कोरडी आहे. तळलेली आहे. आणि कमी आहे.’

तिसरं निदान कधीच चुकलं नाही.

एकदा आमच्या घरी हादगा होता. तुला हरवायचंच म्हणून आईनं उकडलेल्या शेंगांवर फडकं कोंबून डबा गच्च भरला. तू हलवला. आवाज नाही. पुन्हा हलवला. नाही. पोरी खुसूखुसू हसायला लागल्या. तू डोळे उघडलेस आणि शांतपणे म्हणालीस, ‘काकू, डबा रिकामा आहे.’

आईला ते इतकं लागलं की तिनं तिथल्या तिथे झाकण उघडून सगळ्यांना शेंगा दाखवल्या. पहिली मूठ तूच उचललीस.

आता बंगळूरूला तू सॉफ्टवेअर तपासतेस. सगळे म्हणतात चालतंय, आणि तू म्हणतेस थांबा. परवा फोनवर मी ‘मजेत आहे’ म्हणाले. तू जरा वेळ गप्प राहिलीस आणि विचारलंस, ‘काय झालंय?’

यंदा हादग्याला ये. आई शेंगा करणार आहे. फडकं मी लपवून ठेवते.

पोस्ट एवढीच. मोठ्यानं वाचायला दीड-दोन मिनिटं लागतात. आता ती कशी बेतली आहे ते पाहू.

हसू येतं ते मुख्यतः गांभीर्यामुळे. खिरापत ही अगदी क्षुल्लक गोष्ट आणि ती ओळखणारी मुलगी मात्र पूर्ण गंभीर. लिहिणारीनं कुठेही ‘खूप हसलो’ किंवा ‘धमाल आली’ असं म्हटलेलं नाही. ते म्हटलं असतं तर वाचणाऱ्यानं हसायचं राहून गेलं असतं. जिथे हसू यायला हवं तो शब्द वाक्याच्या टोकाला ठेवला आहे. ‘काकू, डबा रिकामा आहे’ या वाक्यानंतर लगेच परिच्छेद संपतो. त्यापुढे आणखी एक खुलासा जोडला असता तर ते वाक्य विझलं असतं.

दुसरी गोष्ट, चेष्टा कशाची केली आहे? मैत्रिणीच्या एका सवयीची, आणि त्या सवयीत तिची हुशारी आहे. आईही हरते, पण युक्ती तिचीच होती, म्हणून तिचाही मान राहतो. रंग, जाडी, गणितातले मार्क, घरची परिस्थिती, शाळेतलं टोपणनाव यांवरचे विनोद दोघीच बसल्या असताना कदाचित चालतात. पण पोस्ट तिच्या सासूबाई वाचणार, ऑफिसातले सहकारी वाचणार, तिची दहावीतली मुलगीही वाचणार. यांच्यापैकी कुणासमोर ते वाक्य मोठ्यानं वाचायला आपण अडखळलो, तर ते काढून टाकावं. पहिल्या यादीतला ‘रुसवेफुगवे’ हा शब्द याच कारणानं गळला. त्यामागे एका मुलाची चिठ्ठी होती आणि ती गोष्ट सांगायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार बंगळूरूच्या मैत्रिणीचा आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पोस्ट लहानपणातच संपली असती तर ती गोड झाली असती, पण तिथेच राहिली असती. जुन्या आठवणीतला स्वभाव आज कुठे दिसतो, हे शोधल्यावर तिला आजचा अर्थ येतो. डबा हलवून आत काय आहे ते सांगणारी मुलगी आज फोनवरच्या ‘मजेत आहे’वर विश्वास ठेवत नाही. या दोन ओळींत मैत्रीबद्दलचं सगळं प्रेम येऊन जातं आणि ‘तुझ्यासारखी मैत्रीण मिळायला भाग्य लागतं’ हे वाक्य लिहावं लागत नाही. अशी जोडणी सापडत नसेल तर तिच्याशी शेवटचं बोलणं झालं ते आठवावं. त्यात ती काय म्हणाली, कशावर अडून बसली, कशाला हसली? जुना स्वभाव बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

तिऱ्हाईत वाचकाचाही विचार करावा लागतो. ‘ते फडकं आठवतंय का?’ एवढंच लिहिलं असतं तर दोघी हसल्या असत्या आणि बाकीचे पुढे सरकले असते. हादगा ठाऊक नसलेल्या बंगळूरूच्या सहकाऱ्यालाही डबा, कान आणि मिटलेले डोळे समजतात. बाहेरच्या माणसाला गोष्ट कळेल इतकं सांगायचं आणि मैत्रिणीला मागचं सगळं आठवेल इतकं तिच्यावर सोडायचं, एवढा तोल सांभाळला की पुरे.

थोडं व्यवहाराचंही पाहू. व्हॉट्सॲपचं स्टेटस चोवीस तासांत नाहीसं होतं. मजकूर राहावा असं वाटत असेल तर तो फेसबुकवर टाकावा किंवा तिला थेट पाठवावा. इन्स्टाग्रामच्या फोटोखाली २,२०० अक्षरं मावतात, पण सुरुवातीच्या एक-दोन ओळीच आपसूक दिसतात. त्यामुळे पहिल्या ओळीतच डबा यायला हवा, ‘मैत्री म्हणजे काय’ याचं विवेचन नको. जुना वर्गाचा फोटो लावताना त्यात इतर मुलीही आहेत याचं भान ठेवावं. शक्य तर फक्त दोघींचा भाग कापून घ्यावा. शाळेचं नाव, जन्मतारीख, टोपणनाव, लहानपणीच्या कुत्र्याचं नाव हेही सार्वजनिक पोस्टमध्ये टाळावं. खातं पुन्हा उघडून घेताना विचारले जाणारे गुप्त प्रश्न नेमके असेच असतात, आणि आपल्या आठवणीतून मैत्रिणीच्या खात्याची किल्ली भलत्याच्या हाती जाऊ शकते.

इतक्या वर्षांनी असं अचानक लिहिलं तर तिला विचित्र वाटेल, ही धाकधूक अनेकांना असते. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये नेमका हाच प्रश्न तपासला. त्यांच्या प्रयोगांत ५,९०० हून अधिक लोक सहभागी झाले होते. बराच काळ संपर्कात नसलेल्या ओळखीच्या माणसाला चार ओळी किंवा छोटी भेट पाठवली तर समोरच्याला किती बरं वाटेल, याचा पाठवणाऱ्यांचा अंदाज सतत कमी निघाला. मिळणाऱ्याला अनपेक्षितपणाचंच विशेष अप्रूप वाटत होतं. पाठवणाऱ्यांच्या हिशेबात नेमकं तेच पुरेसं धरलं जात नव्हतं.

पोस्ट जमली की नाही हे लाइक मोजून कळत नाही. मैत्रिणीनं नुसती बदामाची चिन्हं पाठवली तर तिनं वाचलं, एवढंच समजावं. तिनं आपली बाजू मांडली, ‘डबा तीन वेळा हलवला होता, दोन नाही’ म्हणून भांडायला आली किंवा आपण विसरलेला तुकडा जोडला, तर पोस्टनं काम केलं. मग लिहिणं थांबवून फोन लावावा आणि हादग्याला नक्की कुठल्या तारखेला येतेस, तेवढं विचारून घ्यावं.