कंपवाताची गोळी आणि मेंदूचे दार

कंपवाताच्या रुग्णाला डॉक्टर बजावतात, "गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घ्या." परंतु पुष्कळ घरांत मळमळ होते म्हणून ती वरण-भात किंवा दुधाबरोबर दिली जाते आणि मग हातपाय पुन्हा आखडतात. असे का होते?

मेंदूतील केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. रक्तातले औषध फटीतून आत झिरपत नाही, त्याला पेशी ओलांडूनच जावे लागते. पेशीचे आवरण स्निग्ध असल्याने चरबीत विरघळणारे लहान रेणू सहज आत शिरतात. सर्दीच्या जुन्या गोळ्यांनी झोप येते ती यामुळेच. फेक्सोफेनाडिनसारखे नवे औषध मात्र पेशींतील पंप बाहेर ढकलतात, म्हणून त्याने सहसा झोप येत नाही.

कंपवातात मेंदूतील डोपामीन कमी पडते. पण डोपामीन चरबीत विरघळत नाही आणि त्याला आत नेणारा वाहकही नाही, म्हणून ते थेट देऊन उपयोग नसतो. त्याऐवजी लेव्होडोपा देतात. प्रथिनांतील अमायनो आम्लांना आत नेणारा वाहक त्यालाही नेतो आणि आत गेल्यावर त्याचे डोपामीन बनते. हे रूपांतर वाटेतच झाले तर मळमळ होते. ते रोखण्यासाठी गोळीत कार्बिडोपा घालतात. ते स्वतः मेंदूत शिरत नाही.

डाळ, दूध, मांस पचल्यावर निघणारी अमायनो आम्ले याच वाहकावर गर्दी करतात. आतड्यातही तसेच होते आणि लेव्होडोपा मागे राहते. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने घ्यावी. मळमळ झालीच तर सोबत दोन साधी बिस्किटे चालतात.

पनवेलपुढे कोकणातल्या रानांत आढळणाऱ्या खाजकुइलीच्या बियांतही लेव्होडोपा असते. १९७८ साली डॉ. अशोक वैद्य व सहकाऱ्यांनी कंपवातावरील तिच्या वापराचा अभ्यास 'न्यूरॉलॉजी इंडिया'त प्रसिद्ध केला. म्हणून तिचे चूर्ण घेत असाल तर डॉक्टरांना जरूर सांगा. गोळीबरोबर घेतल्यास मात्रा वाढते.

गर्भाच्या वारेलाही हेच नियम लागू होतात, पण तो अडसर बराच सैल असतो. बहुतेक गोळ्या थोड्याफार प्रमाणात बाळापर्यंत पोहोचतात. रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांत वॉरफेरिनचा रेणू लहान व स्निग्धात विरघळणारा असल्याने वार ओलांडतो. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात त्याने बाळाच्या नाकाच्या व हाडांच्या वाढीत व्यंग येऊ शकते, पुढे रक्तस्रावाचाही धोका असतो. हेपॅरिनचा रेणू मोठा व विद्युतभारित असल्याने तो पलीकडे जात नाही.

तरीही हृदयात कृत्रिम झडप असलेल्या भगिनींनी वॉरफेरिन परस्पर बंद करू नये, झडपेवर गुठळी होऊन जीव धोक्यात येतो. मूल हवे असे ठरताच, दिवस जाण्यापूर्वीच हृदयरोगतज्ज्ञांना भेटावे.