पाकिटात एक ग्रॅम कमी: पी-मूल्य काय सांगतं आणि काय सांगत नाही

मरोळ एमआयडीसीतल्या एखाद्या गाळ्यात हळदीची २०० ग्रॅमची पाकिटं भरली जातात असं धरू. भरणारं मशीन कधीच प्रत्येक पाकिटात नेमके २०० ग्रॅम टाकत नाही. हळद दमट असेल, हॉपरमध्ये माल कमी उरला असेल, तर वजन एक-दोन ग्रॅम इकडे-तिकडे होतंच. त्यामुळे एखादं पाकीट हलकं निघालं म्हणून मशीन बिघडलं असं कोणी म्हणत नाही. प्रश्न असतो सरासरीचा: मशीन सरासरीने २०० ग्रॅम भरतंय की त्याहून कमी?

सुपरवायझरने दिवसभरात दहा पाकिटं उचलली, रिकाम्या पाकिटाचं वजन वजा केलं आणि निव्वळ वजनं लिहून ठेवली. आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, पण गणित खरं आहे: १९८.२, २००.६, १९७.४, १९९.८, २०१.१, १९६.९, १९९.३, १९८.८, २००.२, १९७.७. सरासरी येते १९९.० ग्रॅम, आणि प्रमाण विचलन, म्हणजे पाकिटा-पाकिटांतल्या फरकाचं माप, सुमारे १.४३ ग्रॅम.

सरासरी एक ग्रॅमने कमी आहे. पण दहाच पाकिटांची सरासरी स्वतःच हलती असते. उद्या दुसरी दहा उचलली तर ती वेगळी येईल. ती साधारण किती हलते याचं माप म्हणजे प्रमाण विचलन भागिले नमुन्याच्या संख्येचं वर्गमूळ, इथे १.४३ भागिले ३.१६, म्हणजे ०.४५ ग्रॅम. आपली तूट १ ग्रॅमची, म्हणजे या मापाच्या २.२१ पट. हाच टी. तूट आहे म्हणून तो उणे २.२१. नऊ स्वातंत्र्यमात्रांच्या टी-वितरणात यापेक्षाही खालचा टी येण्याची शक्यता सुमारे ०.०२७. हे झालं पी-मूल्य. आर वापरत असाल तर एवढंच लिहायचं:

```
x <- c(198.2, 200.6, 197.4, 199.8, 201.1,
       196.9, 199.3, 198.8, 200.2, 197.7)
t.test(x, mu = 200, alternative = "less")
```

एक्सेलवाल्यांना `=T.DIST(-2.207,9,TRUE)` याने तोच आकडा मिळेल.

इथवर कोणाचं काही चुकत नाही. चुका होतात त्या ०.०२७ या आकड्याचा अर्थ सांगताना.

गैरसमज: मशीन ठीक असण्याची शक्यता २.७ टक्के आहे.

हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा आणि सगळ्यात घातक अर्थ. पी-मूल्य काढताना आपण आधीच धरून चाललो की मशीन सरासरी २०० ग्रॅमच भरतंय. त्या गृहीतकाच्या आत राहून विचारलेला प्रश्न असा: असं असतानाही निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून कमी टी किती वेळा दिसेल? उत्तर, शंभरात जेमतेम तीन वेळा. जे धरून चाललो ते खरं असण्याची शक्यता त्याच आकड्यातून कशी बाहेर पडेल?

फरक किती मोठा पडतो ते बघा. अशा हजार तपासण्या झाल्या. त्यांतल्या ९०० वेळा मशीन खरोखर २०० वर होतं आणि १०० वेळा ते एक ग्रॅमने खाली सरकलं होतं. पी ०.०५ च्या खाली आला की मशीन थांबवायचं, असा नियम आहे. मग ठीक असलेल्या ९०० पैकी ५ टक्के, म्हणजे ४५ वेळा विनाकारण थांबवलं जाईल. ही पहिल्या प्रकारची चूक: दोष नसताना दोष ठरवणं. सरकलेल्या १०० पैकी, दहा पाकिटांच्या नमुन्यात आणि एवढ्याच विचलनात, साधारण ६५ सापडतील. उरलेले ३५ निसटतील. ही दुसऱ्या प्रकारची चूक: दोष असताना तो न दिसणं.

आता फक्त मशीन थांबवल्याचे प्रसंग मोजा. एकूण ११०, त्यांतले ४५ खोटे. म्हणजे थांबवण्याचे ४१ टक्के निर्णय चुकीचे, जरी नियम ५ टक्क्यांचा असला तरी. मशीन जुनं असेल आणि हजारातल्या निम्म्या वेळा सरकत असेल, तर हाच हिशोब २५ खोट्या आणि ३२५ खऱ्या थांब्यांचा होतो. चुकीचे फक्त ७ टक्के. नियम तोच, चाचणी तीच, तरी एकदा ४१ आणि एकदा ७. मशीनचा इतिहास काय, हे पी-मूल्याला माहीतच नसतं, म्हणून ‘माझा निर्णय चुकीचा असण्याची शक्यता किती’ याचं उत्तर ते एकटं देऊ शकत नाही.

गैरसमज: पी ०.०५ च्या वर गेला, म्हणजे मशीन ठीक आहे हे सिद्ध झालं.

वरच्या यादीतली पहिली पाचच पाकिटं घ्या. त्यांची सरासरी १९९.४२, टी उणे ०.८२ आणि पी सुमारे ०.२३. घाईत असलेला माणूस ‘काही दोष नाही’ असं लिहून सही करेल. पण याच पाच पाकिटांवरून खऱ्या सरासरीचा ९५ टक्के विश्वासांतर काढलं, तर ते १९७.५ पासून २०१.४ ग्रॅमपर्यंत पसरतं. त्यात २०० बसतात, तसेच १९८ही बसतात. पाच पाकिटांनी मशीनला निर्दोष ठरवलेलं नाही. त्यांना नीट दिसलंच नाही, एवढंच.

म्हणून मोठ्या पी-मूल्याबरोबर नेहमी एक प्रश्न विचारावा: दोष असता तर तो या नमुन्यात सापडला असता का? एक ग्रॅमची तूट दहा पाकिटांत ६५ टक्के वेळा सापडते, वीस पाकिटांत सुमारे ९१ टक्के वेळा, तीस पाकिटांत ९८ टक्के वेळा. अर्ध्या ग्रॅमची तूट मात्र दहा पाकिटांत जेमतेम २७ टक्के वेळा पकडली जाते. ही कसोटीची ताकद, आणि ती नमुना घेण्याआधी ठरवायची असते. पाच पाकिटांवर जमलं नाही म्हणून आणखी पाच, मग आणखी पाच, असं पी खाली येईपर्यंत तोलत बसलं, तर पहिल्या प्रकारच्या चुकीची शक्यता ५ टक्क्यांच्या पुष्कळ वर जाते. दर वेळी पाहणं म्हणजे योगायोगाला नवी संधी देणं.

उलट टोकही आहे. चारशे पाकिटं तोलली तर फक्त ०.२ ग्रॅमच्या तुटीचाही पी ०.००३ येईल. पी लहान म्हणून दोष मोठा, असं नाही. दोष किती मोठा ते सरासरी आणि तिचं विश्वासांतरच सांगतं.

गैरसमज: ०.०५ ही विज्ञानाने ठरवलेली रेषा आहे.

मला वाटतं, सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो. लहान नमुन्यांसाठी टी-वितरण शोधलं ते डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेटने. १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने त्याचा निबंध छापला गेला. पी-मूल्य आणि ०.०५ ची सोयीची खूण रूढ केली रोनाल्ड फिशरने, १९२५ च्या पुस्तकातून. दोन प्रकारच्या चुका आणि कसोटीची ताकद ही मांडणी मात्र जेर्झी नेमन आणि एगॉन पिअर्सन यांची, १९२८ ते १९३३ मधली. फिशरला पी म्हणजे पुराव्याचं माप वाटे. नेमन-पिअर्सनना हवा होता निर्णयाचा नियम, ज्यात कोणती चूक किती सोसायची हे आधी ठरतं. या दोन पक्षांचं जमलं नाही, आणि १९३० च्या दशकात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दोन्ही पक्ष एकाच वेळी होते. पुढे पाठ्यपुस्तकांनी दोन्ही विचार एकत्र शिवले आणि शिवण कुठे आहे ते सांगितलंच नाही.

हळदीच्या पाकिटावर ती शिवण उघडी दिसते. गाळ्याच्या मालकासाठी पहिल्या प्रकारची चूक म्हणजे मशीन विनाकारण पाऊण तास थांबणं. दुसऱ्या प्रकारची चूक म्हणजे हजारो पाकिटं ग्रॅमभर हलकी बाजारात जाणं, आणि तो तोटा गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरात पोहोचणं. त्याने ०.०५, किंवा ०.१० सुद्धा, रेषा धरणं शहाणपणाचं आहे.

वैधमापनाच्या तपासनिसासाठी पारडं उलटं असतं. त्याची पहिल्या प्रकारची चूक म्हणजे प्रामाणिक माल नाकारणं, एखाद्या धंद्यावर खोटा ठपका. आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटनेची आर ८७ ही शिफारस सरासरीसाठी चक्क हीच टी-चाचणी वापरते, पण जोखीम धरते फक्त अर्धा टक्का. १०० ते ५०० पाकिटांच्या लॉटमधून ५० पाकिटं तोलायची. सरासरी तूट प्रमाण विचलनाच्या ०.३७९ पटीहून जास्त असेल तरच लॉट नाकारायचा. हा ०.३७९ म्हणजे टी-तक्त्यातला २.६८ भागिले पन्नासचं वर्गमूळ. भारत या संघटनेचा १९५६ पासून सदस्य आहे. एकेका पाकिटाची मर्यादा ही गोष्ट वेगळी. आपल्या नियमांत २०० ग्रॅमच्या पाकिटाला ती ९ ग्रॅम आहे, आणि आपल्या दहांपैकी एकही पाकीट तिच्या जवळपास नाही.

आता तीच दहा पाकिटं अर्ध्या टक्क्याच्या कडक रेषेवर ठेवा. नऊ स्वातंत्र्यमात्रांसाठी टी ३.२५ लागतो, आपला २.२१ आहे. लॉट नाकारता येणार नाही. त्याच आकड्यांवर मालकाने मशीन थांबवून ऑगरची सेटिंग तपासायला हवी. दोघेही बरोबर आहेत, कारण दोघांनी सोसायच्या चुका वेगळ्या. म्हणूनच अहवालात ‘सिग्निफिकंट’ एवढंच लिहून भागत नाही. सरासरी १९९.०, विचलन १.४३, नमुना १०, पी ०.०२७, एकतर्फी, असं सगळं लिहिलं तर प्रत्येकाला आपली रेषा लावून बघता येते. ‘एकतर्फी’ हा शब्द गाळला तरी घोटाळा होतो: याच आकड्यांचा दुतर्फी पी ०.०५५ येतो, आणि ०.०५ ची रेषा धरणारा माणूस उलट्या निर्णयावर पोहोचतो. वजन जास्त जाण्याचीही चिंता असेल तर दुतर्फी, फक्त कमीची असेल तर एकतर्फी; पण ते वजनं पाहण्याआधी ठरवायचं.

आणखी एक गोष्ट कोणतंही सॉफ्टवेअर सांगणार नाही. हा सगळा हिशोब पाकिटं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं धरतो. मशीनमधून ओळीने निघालेली दहा पाकिटं तशी नसतात. हॉपर अर्धा रिकामा असेल तर ती सगळीच मिळून हलकी येतात, त्यांच्यातलं विचलन खोटं लहान दिसतं आणि पी फसवा लहान येतो. म्हणून दहा पाकिटं एका दमात न उचलता पूर्ण शिफ्टभर, हॉपर भरलेला असताना आणि रिकामा होत आलेला असताना, विखरून उचलायची, आणि प्रत्येक वजनापुढे वेळ लिहायची.