पाळणे कमी, काठ्या जास्त

असाइनमेंटमध्ये बहुतेक विद्यार्थी लिहितात, 'आयुर्मान वाढले म्हणून समाज म्हातारा झाला.' हे अर्धेच खरे आहे. केरळ पाहा. तिथे आधी बालमृत्यू घटले, मुली शिकल्या, मग जन्म घटले. 1980च्या दशकाअखेरीस जननदर 2.1 या प्रतिस्थापन पातळीवर आला. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तो 1.8 होता.

1.8 म्हणजे काय? शंभर बायकांना 180 मुले, त्यांत मुली साधारण 88. म्हणजे पुढच्या पिढीत आयाच बाराने कमी. लोकसंख्येच्या मनोऱ्याचा पाया असा अरुंद झाला, की वरचे वृद्ध तेवढेच राहिले तरी त्यांचा वाटा वाढतो. 2011च्या जनगणनेत साठीपुढचे लोक देशात 8.6 टक्के होते, केरळात 12.6.

तरीही लोकसंख्या लगेच घटत नाही. आधीच्या मोठ्या पिढीतल्या मुली आता आया होत असतात, त्यामुळे जन्म काही दशके मृत्यूंपेक्षा जास्तच राहतात. केरळात तर कामासाठी आखातात गेलेले तरुणही मनोऱ्यातून वजा होतात, म्हणून वृद्धांचा वाटा आणखी वाढतो.

म्हणून उत्तर लिहिताना जननदर, वयोरचना आणि स्थलांतर हे तिन्ही आकडे शेजारी मांडा. एकट्या आयुर्मानावर निष्कर्ष काढू नका.